१०८ मिनिटांचा तास आणि त्याच्या आठ क्लिप्स

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पॉलिटेक्निकमधल्या एका ज्येष्ठ मॅडमनी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटचा, म्हणजे भारामुळे बीम कापू आणि वाकवू पाहणाऱ्या परिणामांचा, जोडतास घेतला. परीक्षा तोंडावर आली होती आणि लग्नसराईमुळे निम्मी मुलं गावाकडे होती. म्हणून मागच्या बाकावर ट्रायपॉड लावून तास मोबाईलवर रेकॉर्ड केला. मॅडमच्या पदराला एक कॉलर माइक लावला होता. रेकॉर्डिंग १ तास ४८ मिनिटांचं झालं आणि फाइल जवळजवळ १४ जीबीची. मी त्याच विभागात शिकवतो. या फाइलचे मुलांना पुन्हा पुन्हा पाहता येतील असे तुकडे करायचं काम मी अंगावर घेतलं. ते मला तीनदा करावं लागलं. पहिल्या दोन वेळा काय चुकलं ते नीट लिहून ठेवतो, कारण या दोन्ही चुका कोणाच्याही हातून होतील अशा आहेत.

पहिली खेप: घड्याळ लावून कापलं

पहिल्यांदा सरळ दर पंधरा मिनिटांनी एक अशा आठ फाइल्स केल्या आणि त्यांना ‘भाग १’ ते ‘भाग ८’ अशी नावं देऊन मुलांच्या ग्रुपवर टाकल्या. दोन दिवसांनी हिंगण्याच्या एका मुलाला विचारलं, यूडीएलचं, म्हणजे बीमवर सारख्या पसरलेल्या भाराचं, गणित पाहिलंस का? तो म्हणाला, “सर, शोधूनच राहिलो. भाग एक पाहिला, दोन पाहिला, सापडलंच नाही.” तो सीताबर्डीहून लोकमान्य नगरच्या मेट्रोत बसून पाहत होता. तेवढ्या वेळात एक गणित पाहून व्हावं एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती रास्त होती.

नंतर मीच वेळा ताडून पाहिल्या. मध्यावर एकच भार असलेल्या बीमचं गणित साडेसतराव्या मिनिटाला सुरू झालं होतं आणि त्याचं शेवटचं उत्तर, म्हणजे १८ किलोन्यूटन मीटर, फळ्यावर आलं ३० मिनिटं ४० सेकंदांनी. माझी कात्री बरोबर तिसाव्या मिनिटाला चालली होती. गणित भाग २ मध्ये आणि उत्तर भाग ३ मध्ये. पंचेचाळिसाव्या मिनिटाला तर एका मुलीचा प्रश्न अर्ध्यात तुटला होता: प्रश्न एका फाइलमध्ये, मॅडमचं उत्तर दुसऱ्या फाइलमध्ये.

मोठे तास लहान करावेत याला आधार आहे. एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-बैठकांची नोंद तपासणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांचा एका वेळचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या वर जात नाही, असं त्यात दिसलं. पण तो अभ्यास आपखुशीने ऑनलाइन शिकणाऱ्यांचा होता. फळ्यावरचं तेरा मिनिटांचं गणित सहाव्या मिनिटाला तोडा, असं त्यातून निघत नाही. सहा मिनिटं हा आकडा मी पुढे फक्त एवढ्यासाठी वापरला की एखादी क्लिप दहाच्या वर गेली तर तिच्यात दोन विषय मिसळलेत का ते पुन्हा पाहायचं.

दुसरी खेप: विषय बरोबर, कात्री चुकीची

आता विषयाप्रमाणे कापायचं ठरवलं. पण विषय कुठे बदलतो ते शोधायला १०८ मिनिटं परत बसून पाहायची माझी तयारी नव्हती. वाटलं, शिकवणारा विषय बदलताना थांबतो, तर शांततेच्या जागा शोधून काढाव्यात. ffmpeg या व्हिडिओ कापण्या-बदलण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये त्यासाठी silencedetect नावाचा फिल्टर आहे. आवाज ठरावीक पातळीच्या खाली ठरावीक सेकंद राहिला की तो ती वेळ लिहून देतो.

पहिल्या फेरीत, म्हणजे -३० डेसिबलची पातळी आणि दीड सेकंदाचा अवधी ठेवून, त्याला एकही शांत जागा सापडली नाही. कारण वर्गाच्या खिडकीत होतं. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद करून तास घेणं शक्य नाही, आणि त्या कूलरची घरघर सगळ्या रेकॉर्डिंगभर होती. त्याच्यामुळे शांतता अशी नव्हतीच. पातळी थोडी वर घेतली तेव्हा ढिगाने जागा मिळाल्या, पण बहुतेक सगळ्या मॅडम फळ्यावर लिहीत असतानाच्या. आकृती काढताना शिकवणारा गप्प असतो. विषय बदलताना मात्र तो बहुधा एका दमात बोलून जातो: “समजून राहिलं ना सगळ्यांना? हं, आता यूडीएल घ्या.” या दोन वाक्यांत श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. म्हणजे फळ्यावरच्या तासात शांतता हाताचं काम दाखवते, विषयाची सीमा दाखवत नाही. त्यानंतर तो मार्ग मी सोडला आणि दीडपट वेगाने सगळा तास पाहिला. वेगाने पाहूनही सव्वा तास लागला. तेवढा वेळ द्यावाच लागतो.

पाहताना वहीत तीन खुणांच्या वेळा टिपल्या: मॅडमनी नवी आकृती काढायला घेतली, कोणी प्रश्न विचारला, किंवा डस्टर फिरवलं. यातली डस्टरची खूण सगळ्यात भरवशाची निघाली. शिकवणारा फळा पुसतो तेव्हा आधीचं आता लागणार नाही असं त्याने स्वतः ठरवलेलं असतं. अर्धाच फळा पुसला असेल तर मात्र उरलेला अर्धा पुढच्या गणितात लागणार आहे असं समजायचं आणि तिथे कापायचं नाही. या खुणांवरून आठ क्लिप्स ठरल्या. पहिली सहा मिनिटं चाळीस सेकंद हजेरी होती. तिच्यात मुलांची नावं आणि चेहरे होते, ती सरळ वगळली. मधली सबमिशनची सूचनाही गेली.

मग आली तांत्रिक चूक. १४ जीबीची फाइल हाताळायला जड म्हणून मी ती आधी दाबून लहान केली होती आणि त्या लहान फाइलमधून ‘-c copy’ वापरून तुकडे काढले. यात व्हिडिओ पुन्हा तयार होत नाही, आहे तसा उचलला जातो, त्यामुळे एकेक क्लिप दोन-तीन सेकंदांत निघते. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसलं. मुलांच्या फोनवर मात्र यूडीएलची क्लिप आधीच्या गणिताच्या शेपटाने सुरू व्हायची. एकीच्या फोनवर आवाज पुढे जायचा आणि चित्र काही सेकंद गोठलेलं राहायचं.

याचं कारण एकदा समजलं की पुन्हा चूक होत नाही. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मधून मधून एक पूर्ण चित्र असतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं एवढीच नोंद असते. व्हिडिओ जसाच्या तसा उचलायचा तर सुरुवात की-फ्रेमपासूनच करावी लागते, मग तुम्ही मागितलेली वेळ तिच्या पुढे का असेना. आमच्या फोनच्या मूळ फाइलमध्ये दर सेकंदाला एक की-फ्रेम होती. पण मी फाइल दाबली ती x264 या एन्कोडरने, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो २५० फ्रेमपर्यंत की-फ्रेम न टाकता जाऊ शकतो. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर हे अंतर आठ सेकंदांच्या थोडं वर जातं. दृश्य एकदम बदललं तर तो मध्ये की-फ्रेम टाकतो, पण एका जागी लावलेल्या कॅमेऱ्यासमोरच्या फळ्यात दृश्य बदलत नाही. म्हणून माझी कात्री प्रत्येक क्लिपमध्ये शून्य ते आठ सेकंद मागे सरकत होती, आणि आठ सेकंदांत मॅडमचं एक पूर्ण वाक्य बसतं.

आपल्या फाइलमध्ये की-फ्रेम कुठे आहेत ते असं पाहता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey \
  -show_entries frame=pts_time -of csv=p=0 lecture.mp4
```

समोर सेकंदांची यादी येते. दोन आकड्यांतलं अंतर सात-आठ दिसलं तर ‘-c copy’ च्या नादी लागू नये. मी दाबलेली फाइल बाजूला ठेवली आणि मूळ फाइलमधूनच, व्हिडिओ नव्याने तयार करत कापलं. क्लिप निघायला वेळ लागतो, पण मागितलेल्या फ्रेमवरच सुरू होते. यूडीएलच्या क्लिपची आज्ञा अशी होती:

```
ffmpeg -ss 00:31:42 -i original.mp4 -t 548 \
  -vf scale=-2:720 -c:v libx264 -crf 23 -g 60 \
  -c:a aac -movflags +faststart 04-udl.mp4
```

इथे ‘-t 548’ म्हणजे ५४८ सेकंदांची लांबी. आधी मी तिथे ‘-to 00:40:50’ अशी शेवटची वेळ लिहिली होती आणि क्लिप चाळीस मिनिटं पन्नास सेकंदांची निघाली. ‘-ss’ हे ‘-i’ च्या आधी लिहिलं की पुढच्या भागासाठी घड्याळ शून्यापासून सुरू होतं, म्हणून ती वेळ लांबी म्हणून धरली गेली. ‘-g 60’ मुळे दोन सेकंदांच्या आत एक की-फ्रेम येते, त्यामुळे मुलं बोटाने मागे-पुढे सरकवतात तेव्हा चित्र पटकन लागतं. ‘+faststart’ ने फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण डाउनलोड होण्याआधीच क्लिप चालू होते. ७२० रेषांवर फळ्यावरची अक्षरं फोनवर वाचता येतात. पण तीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते आणि RA, RB मधली खालची लहान अक्षरं विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशी आहे तशी पोचते.

काटोलच्या मुलीची वही

आता क्लिप्स विषयाप्रमाणे होत्या, बरोबर जागी सुरू होत होत्या, नावंही होती. मी निर्धास्त होतो. मग काटोलहून येणाऱ्या एका मुलीने वही दाखवली. जोडतासाला ती नव्हती. परीक्षेत ओव्हरहँगिंग बीम हमखास येतो म्हणून तिने फक्त तीच क्लिप पाहिली होती, आणि गणित तिने पूर्ण सोडवलं होतं.

गणित असं होतं. A आणि B या दोन आधारांत ६ मीटर अंतर, B च्या पुढे २ मीटर मोकळा भाग आणि त्याच्या टोकाला C. A ते B वर दर मीटरला ४ किलोन्यूटन पसरलेला भार आणि C वर ६ किलोन्यूटनचा एकच भार. A भोवती मोमेंट घेतले की B ची रिअ‍ॅक्शन म्हणजे आधाराचा वर ढकलणारा जोर, २० येते, म्हणून A ची १०. A पासून x अंतरावर मोमेंट येतो:

M = 10x − 2x²

तो x = २.५ ला सगळ्यात जास्त, १२.५ किलोन्यूटन मीटर. x = ५ ला शून्य, आणि B वर उणे १२. म्हणजे A पासून ५ मीटरवर कॉन्ट्राफ्लेक्श्चरचा बिंदू, जिथे बीमचा बाक उलट्या बाजूला वळतो.

तिच्या वहीत १० आणि २० बरोबर होते, ५ मीटर बरोबर होतं. पण आकृती पूर्ण उलटी होती: १२.५ रेषेच्या खाली आणि १२ वर. खाली वाकणारा बाक, म्हणजे सॅगिंग, धन धरायचा आणि रेषेच्या वर काढायचा हा मॅडमचा नियम तिला माहीतच नव्हता. मी क्लिप लावली. ओव्हरहँगच्या सुरुवातीलाच मॅडम म्हणतात, “चिन्हांचा नियम तोच, मघाशी सांगितला तो.” तो नियम दुसऱ्या क्लिपमध्ये होता. आणि यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की मोमेंट शून्य कुठे होतो हे चिन्हांच्या नियमावर अवलंबून नसतं. त्यामुळे तिचं उत्तर ५ मीटरच आलं, ते पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळलं, आणि काही चुकलंय अशी शंकाही तिला आली नाही.

हे पाहून मी आठही क्लिप्स पुन्हा ऐकल्या, यावेळी फक्त शब्दांकडे लक्ष देऊन. बोलताना आपण सतत मागचा धागा पकडत असतो: मघाशी, आत्ता, तेच, तसंच, वरचं, मागच्या तासाला. सलग तासात या शब्दांमुळे शिकवणं घट्ट विणलं जातं. क्लिपमध्ये मात्र यातला प्रत्येक शब्द एक सुटलेला टाका असतो. पण सगळे शब्द सारखे नसतात, हे या फेरीत ध्यानात आलं. “हे”, “इथे”, “वरचं समीकरण” असं म्हणताना मॅडमचं बोट फळ्यावर होतं आणि ते समीकरण चित्रात दिसत होतं. तिथे काही करायची गरज नव्हती. “मघाशी” आणि “तोच” म्हणताना मात्र ती गोष्ट फळ्यावरून पुसली गेली होती, फक्त वर्गातल्यांच्या डोक्यात होती. ज्या शब्दाचा आधार चित्रात आहे तो सोडायचा, ज्याचा आधार फक्त आठवणीत आहे त्याला आधार द्यायचा, असा नियम केला. अशा जागा एकूण नऊ निघाल्या.

त्यातल्या पाच ठिकाणी वाक्य नुसतं कापूनही चाललं. “मागच्या तासाला पाहिलंच आहे” असं वाक्य गेल्याने काही बिघडत नव्हतं. तीन ठिकाणी क्लिपच्या सुरुवातीला बारा-पंधरा सेकंदांची पाटी लावली: पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत चिन्हांचा नियम, सॅगिंगची आणि हॉगिंगची, म्हणजे उलट्या बाकाची, एकेक छोटी आकृती, आणि त्या क्लिपमधल्या बीमची मापं. पाटीवर मॅडमचा आवाज हवा होता, म्हणून त्यांना स्टाफरूममध्ये बसवून तीन वाक्यं रेकॉर्ड केली. पाटी जोडायला शॉटकट हा मोफत एडिटर वापरला. तिथून क्लिप पुन्हा एकदा एनकोड होऊन निघते, म्हणून या क्लिप्सचा कच्चा तुकडा ‘-crf 18’ ठेवून, म्हणजे कमी दाबून, काढला, नाहीतर दुसऱ्या वेळी अक्षरांच्या कडा मळकट होतात.

नववी जागा वेगळी होती, आणि तीच माझी सगळ्यात आवडती. यूडीएलचं गणितही ६ मीटरच्याच बीमचं होतं, दर मीटरला ४ किलोन्यूटन. उत्तर आल्यावर मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “पाहा बरं, पुन्हा अठराच आले! मघाशी बाराच किलोन्यूटन होते, मध्यावर. आता चोवीस आहेत, पसरलेले. दुप्पट भार, आणि मोमेंट तेवढाच.” मध्यावरच्या भाराला WL/4 आणि एकूण तेवढाच भार पसरला तर WL/8, W म्हणजे एकूण भार आणि L म्हणजे बीमची लांबी, हे सूत्र मुलं वर्षभर पाठ करतात. ते का तसं आहे हे ज्या दोन वाक्यांत कळतं, ती ही वाक्यं. पण क्लिप एकटीच पाहणाऱ्याला “मघाशी बारा” म्हणजे काय ते कळणार नाही. कापलं तर तासातलं सर्वांत मोलाचं वाक्य जातं, ठेवलं तर ते अधांतरी राहतं.

शेवटी असं केलं. तिसऱ्या क्लिपमधून, मूळ रेकॉर्डिंगच्या ३० मिनिटं ५० सेकंदांवरचं, फळ्यावर पहिल्या बीमची पूर्ण आकृती आणि १८ हा आकडा असलेलं एक स्थिर चित्र उचललं. मॅडम “मघाशी” म्हणतात तिथून सात सेकंद ते चित्र पडद्यावर ठेवलं आणि आवाज तसाच चालू दिला. मग चित्र परत यूडीएलच्या फळ्यावर येतं. मॅडमच्या तोंडचा एकही शब्द बदलला नाही, आणि आता दोन्ही अठरा एकापाठोपाठ दिसतात.

काय कापलं नाही

एडिटिंग करताना हात सैल सुटतो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. मॅडम पुस्तकातून गणिताचं विधान फळ्यावर उतरवत होत्या ती सत्तर-ऐंशी सेकंदं प्रत्येक गणितातून काढली, कारण मापं पाटीवर किंवा आकृतीत येतातच. पण आकृती काढताना त्या गप्प होत्या त्या वेळेला हात लावला नाही. पसरलेल्या भाराचा मोमेंट वक्र असतो, आणि तो वक्र हाताने कसा वळवायचा, टोकाला तिरपा आणि मधे जवळजवळ आडवा, हे बघूनच शिकायचं असतं. ती शांतता कंटाळवाणी वाटली तर मूल स्वतः वेग वाढवेल.

ओव्हरहँगचं गणित चौदा मिनिटांचं राहिलं. रिअ‍ॅक्शन एका क्लिपमध्ये आणि आकृती दुसऱ्या क्लिपमध्ये करून पाहिलं, पण १० आणि २० हे आकडे फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलेले आणि मॅडम दर मिनिटाला तिकडे बोट दाखवतात. ते तोडणं म्हणजे पहिल्याच खेपेची चूक पुन्हा करणं होतं. त्याऐवजी क्लिपच्या खाली तीन वेळा लिहून दिल्या: रिअ‍ॅक्शन कुठे, शिअरची आकृती कुठे, मोमेंटची कुठे.

एका मुलीने विचारलेला प्रश्न रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकूच येत नाही. माइक मॅडमजवळ होता आणि ती कूलरच्या बाजूला बसली होती. आवाज वाढवला तर कूलरही वाढतो. घरघर कमी करणारा फिल्टर जोरात लावला तर मॅडमचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून तिला बोलावून प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतला आणि पडद्यावर अक्षरांत दाखवला: “शिअर जिथे शून्य, तिथेच मोमेंट जास्त का असतो?” मॅडमचं उत्तर, मोमेंटचा चढ म्हणजेच शिअर, चढ संपला की माथा, हे सहा मिनिटांचं आहे. त्या क्लिपला नावही तोच प्रश्न दिला.

मग बाकीच्या क्लिप्सची नावंही तशीच बदलली. ‘ओव्हरहँगिंग बीम’ऐवजी ‘मोमेंटचं चिन्ह मधेच का बदलतं?’ आणि ‘चिन्हांचा नियम’ऐवजी ‘धन कोणतं, ऋण कोणतं?’ रात्री गणित अडलेलं मूल विषयाचं नाव शोधत नाही, आपला अडलेला प्रश्न शोधतं. आठ क्लिप्स मिळून एकसष्ट मिनिटं झाली. सगळ्यात लहान तीन मिनिटांची, सगळ्यात मोठी चौदाची.

क्लिप स्वतःच्या पायावर उभी आहे की नाही हे बनवणाऱ्याला कळत नाही, कारण त्याने सगळा तास दहा वेळा ऐकलेला असतो. म्हणून तासाला नसलेल्या तीन मुलांना एकेक क्लिप दिली, दुसरी कोणतीही न दाखवता, आणि त्याच प्रकारचं पण वेगळ्या मापांचं गणित कागदावर सोडवायला सांगितलं. मी फक्त ते व्हिडिओ कुठे मागे नेतात ते पाहत बसलो. एकाच जागी दोघं मागे गेले, पाचव्या क्लिपच्या सुरुवातीला, आणि तिथे खरंच एक “तसंच” माझ्या कानातून निसटलं होतं.

पुढच्या तासाला मॅडमनी स्वतःच दोन गोष्टी बदलल्या. फळा पुसण्याआधी त्या बाजूला होऊन दोन-तीन सेकंद थांबतात, म्हणजे पूर्ण फळ्याचं स्थिर चित्र मिळतं. आणि नवं गणित घेताना “आता हेच” न म्हणता मापांसकट विधान बोलतात. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी आता तास चालू असतानाच वहीत डस्टरच्या वेळा लिहितो. पहिल्या दिवशी त्याच्या सगळ्या वेळा रेकॉर्डिंगपेक्षा चाळीसेक सेकंद पुढे होत्या, कारण त्याने घड्याळ लावल्यानंतर कॅमेरा सुरू झाला होता. आता कॅमेरा सुरू झाला की तो समोर येऊन एक टाळी वाजवतो, आणि त्याच्या वहीतली पहिली नोंद असते ‘टाळी’.